डेव्हिनलाही प्रत

डेव्हिन श्राडरचा फोन आला तेव्हा मी कागद कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होते. हातमोजा दातात धरून मी फोन घेतला.

"लीना, तुम्ही बसलेल्या आहात ना?" त्यानं विचारलं.

"उभी आहे. पण ऐकतेय."

"मग उभ्या उभ्याच ऐका. डॉक्टर ऑसगुडना तुम्हीच हव्या आहात. डुलुथच्या नव्या प्रयोगशाळेतली जागा तुमची. लेखी पत्र चारआठ दिवसांत येईल. वरच्या काही सह्या व्हायच्या आहेत, बाकी काही नाही."

मला फार आनंद झाला, आणि तो माझ्या आवाजात नक्कीच आला नसणार. मी म्हणाले, "धन्यवाद. मला फार बरं वाटलं. पक्कं उत्तर मी पत्र वाचून देईन."

"अगदी बरोबर. घाई नाही," तो म्हणाला, आणि हसला. त्याच्या हसण्यात मी सावध असल्याचा राग नव्हता. तो त्या कंपनीच्या भरती विभागात होता, आणि तीन मुलाखतींमध्ये त्यानं मला प्रत्येक वेळी आधी फोन करून कोण काय विचारील ते सांगितलं होतं. मुलाखतीनंतर निकाल कधी लागेल तेही सांगितलं होतं, आणि ते त्याच दिवशी लागले होते. त्यामुळे चारआठ दिवस म्हणजे चारआठ दिवसच, असं मी धरून चालले.

आमचा कारखाना एप्रिलअखेर बंद होणार होता. मी तिथल्या प्रयोगशाळेत पाणी, लगदा आणि सांडपाणी तपासत असे. मालक कंपनीनं आम्हा काही जणांना अलाबामातल्या कारखान्यात बदली देऊ केली होती. हो की नाही ते एका ठरलेल्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. हो म्हटलं तर बाबांना इथं एकटं सोडून जावं लागणार होतं. नाही म्हटलं आणि डेव्हिनचं पत्र आलंच नाही, तर हातात काहीच राहणार नव्हतं. डुलुथमध्ये माझ्या कामाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक डेव्हिननं मला फोनवर दिली होती.

पत्र आलं नाही. मी एक आठवडा जाऊ दिला, मग छोटीशी मेल केली. उत्तर नाही. आणखी काही दिवसांनी दुसरी. मग फोन केला तर निरोपाची जागा भरली आहे, असं एक यंत्र सांगत होतं. सरोवरावरचं बर्फ फुटलं, मोसमातलं पहिलं मोठं जहाज पुलाखालून भोंगा देत आत आलं, आणि माझ्या मेलच्या पेटीत अलाबामाबद्दल उत्तर कळवण्याची आठवण सोडून काही नव्हतं.

त्या शनिवारी सॉनात वाफेची अंघोळ झाल्यावर बाबा, माझी वहिनी बर्नी आणि मी बाबांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो. भाऊ जहाजावर गेला होता, त्यामुळे बर्नी शनिवारी आमच्याकडेच असायची. ती इस्पितळाच्या नोकरभरती कार्यालयात वीस वर्षं होती आणि आता निवृत्त आहे, म्हणजे तिचं तोंड आता मोकळं आहे.

"काय झालं त्या नोकरीचं?" तिनं विचारलं.

"वाट बघतेय."

"अजून? अगं, महिना होत आला. कोणाची वाट बघतेस, राजाच्या वरातीची?"

"तो चांगला माणूस आहे, बर्नी. काहीतरी कारण असेल."

"असेलच. चांगली माणसंही आजारी पडतात, नोकरी सोडतात, जिन्यावरून पडतात. त्याच्या वर कोण आहे?"

ते मला माहीत होतं. मुलाखतीचं वेळापत्रक पाठवताना डेव्हिननं एका बाईंना प्रत दिली होती. कोरिन माटुशेक, भरती विभागाच्या प्रमुख. तिचं नाव मी कितीदा तरी वाचलं होतं आणि मेल बंद केली होती.

"त्या बाईला लिही."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्याच कारखान्यात अडतीस वर्षं काढली. तिथं एक गोष्ट मुलांना चालायला शिकवण्याआधी शिकवत: मुकादमाच्या डोक्यावरून वर जायचं नाही. जो जाईल त्याला मुकादम काही बोलायचा नाही, फक्त पुढचं वर्षभर त्याला सगळ्यांत ओल्या जागी काम मिळायचं. डेव्हिन माझा मुकादम नव्हता, हे मला कळत होतं. तरी त्याच्या साहेबाला लिहायचं म्हटलं की माझा हात आखडायचा. त्याची नोकरी माझ्या एका मेलनं धोक्यात आली तर? आणि चुगली करणारी बाई म्हणून मलाच त्यांनी नको म्हटलं तर?

"बाबा, तुम्ही काय म्हणता?"

बाबांनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "आम्ही वर जात होतो की," ते म्हणाले.

"तुम्ही? कधी?"

"कागद वाळवायच्या रुळाभोवतीची संरक्षक जाळी तुटली होती तेव्हा. मुकादमाला दोनदा सांगितलं, त्याच्यानं काही होईना. मग साहेबाकडे गेलो. पण जाताना मुकादमाला म्हटलं, बिल, मी वर चाललोय, तूही चल. तो आला. साहेबानं विचारल्यावर अडचण काय होती ते त्यानंच सांगितलं. मला ती माहीतच नव्हती." त्यांनी तुकडा खाल्ला. "वर जाण्यात काही नाही, पोरी. पाठीमागून जाण्यात आहे."

"ऐकलंस?" बर्नी म्हणाली. "त्या डेव्हिनला प्रत दे. सरळ, सगळ्यांना दिसेल अशी. चल, लिही. मी बसलेय."

मी बाबांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि लिहिलं. बर्नीनं चष्मा लावून वाचलं आणि चष्मा काढला.

"लीना, हे काय आहे?"

"मसुदा."

"यात तक्ता आहे."

"तारखा आहेत. कधी फोन आला, कधी मी मेल केली, कधी—"

"बाई, हा काय सांडपाण्याचा अहवाल आहे? तक्ता पाहिला की तिला वाटेल तू खटला भरतेयस. काढ तो. आणि माफी तीनदा मागितली आहेस. तू काय त्याच्या गाडीला धडक दिलीस?"

"आपल्याकडे लिहितात तसं."

"आपल्याकडे बर्फात अडकलेला माणूससुद्धा मदत मागताना माफी मागतो. काढ."

मी माफ्या काढल्या. मग तिनं विचारलं, "ही जागा तुला हवी आहे हे कुठं लिहिलंयस?"

"अर्ज केला म्हणजे हवीच असणार."

"त्या बाईसमोर चाळीस अर्ज असतात. लिही, मनापासून हवी आहे."

मोजता न येणारी गोष्ट लिहायला मला जड जातं, पण ते खरं होतं म्हणून लिहिलं. एका ठिकाणी मात्र मी तिचं ऐकलं नाही. तिचं म्हणणं होतं, 'लेखी पत्र अजून पाठवलेलं नाही' असं लिही. मी म्हणाले, त्यांनी पाठवलं की नाही ते मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ते माझ्यापर्यंत आलेलं नाही.

"बघा तुमची मुलगी," बर्नी बाबांना म्हणाली. "आग लागली तरी आधी तापमान मोजेल."

सुट्टीच्या दिवशी पाठवू नको, सोमवारी ढिगाखाली जाईल, असंही तीच म्हणाली. म्हणून मेल मी मंगळवारी सकाळी कामावर जाण्याआधी पाठवली. ती अशी होती:

'नमस्कार कोरिन,

डुलुथ प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाच्या जागेसाठी माझी निवड झाल्याचं डेव्हिन श्राडर यांनी मार्चच्या सुरुवातीला फोनवर कळवलं. मुलाखतींच्या काळात त्यांनी मला फार नीट आणि आपुलकीनं सांभाळून घेतलं. त्यानंतर लेखी पत्र माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. मी त्यांना दोन मेल आणि एक फोन केला. त्यांच्याकडून उत्तर न येणं त्यांच्या स्वभावाला धरून वाटत नाही, म्हणून ते बरे असतील अशी आशा करते. ही जागा मला मनापासून हवी आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मला या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. त्याआधी पत्र कुठं आहे एवढं कळलं तरी मोठी मदत होईल. डेव्हिन यांनाही प्रत पाठवत आहे.

आपली, लीना हाकला'

विषयाच्या जागी मी त्या पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक लिहिला होता, म्हणजे तिला शोधावं लागणार नाही.

तासाभरानं सर्वांना मिळून एक ओळ आली: 'लीना, धन्यवाद. आज पाहते. कोरिन.' सर्वांना म्हणजे मला आणि डेव्हिनला. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात राग नव्हता, पण आणखीही काही नव्हतं.

दुपारी मी पीएच मीटर जुळवत होते, तेव्हा मिनिआपोलिसचा, म्हणजे त्यांच्या मुख्य कार्यालयाचा, क्रमांक दिसला. मी हात पुसून बाहेर आले.

"लीना? मी कोरिन माटुशेक. आधी मला एक सांगा, तुम्ही आमची नोकरी नाकारण्याच्या विचारात होतात का?"

"नाही. मी तर पत्राची वाट बघत होते."

मग ती मोठ्यानं हसली, आणि तितक्यातच थांबली. "माफ करा, हे हसण्यासारखं नाही. आम्ही इथं सगळे तुमची वाट बघत होतो."

मला कळेना. तिनं सांगितलं ते असं. डेव्हिननं मला फोन केला त्याच दिवशी त्यांच्या संगणकात माझ्या नावापुढे 'नोकरी देऊ केली' अशी नोंद केली. त्याखाली त्यानं टीप लिहिली: उमेदवार पत्र वाचून उत्तर देतील, घाई करू नये. दोन्ही खरं होतं. मग दोनतीन दिवसांनी पहाटे त्याच्या बायकोला इस्पितळात न्यावं लागलं. बाळ नऊ आठवडे आधी आलं. डेव्हिन होता तसा घरातून निघाला आणि सुट्टीची सूचनाही न लावता रजेवर गेला. त्याचं काम दुसऱ्या एकीकडे गेलं. तिनं माझी नोंद उघडली, टीप वाचली, आणि पत्र माझ्या हातात आहे असं समजली. घाई करू नये असं लिहिलं होतं, म्हणून तिनं घाई केली नाही.

"आणि पत्र?"

"शेवटची सही तो गेल्यानंतरच्या दिवशी झाली. पत्र तयार होऊन त्याच्या नावाखाली पडून होतं. ते पाठवायचं बटण त्यानंच दाबायचं असतं, आणि तयार झाल्याची सूचनाही त्यालाच जाते."

मी भिंतीला टेकले. आतून लगद्याच्या टाकीची घरघर येत होती.

"खरं सांगू?" कोरिन म्हणाली. "सकाळी तुम्हाला ती ओळ पाठवून मी नोंद पाहिली, आणि तुम्हाला लिहायला बसले होते की पत्र गेलेलं आहे, जंक मेलमध्ये पाहा. तेवढ्यात डेव्हिनचा मेसेज आला. त्याची ऑफिसची मेल बंद आहे, फक्त माझं काही आलं तर फोन वाजतो. मी सगळ्यांना उत्तर दिलं म्हणून त्याचा फोन वाजला. बाळाच्या काचपेटीशेजारी बसून त्यानं तुमची मेल वाचली. मला लिहिलं, 'पत्र मी पाठवलेलं नाही. माझ्याकडे अडकलंय. लीनाची चूक नाही, कृपा करून आज पाठवा.'"

"बाळ कसं आहे?"

"मुलगी आहे. आता स्वतः श्वास घेतेय." कोरिनचा आवाज बदलला. "तुम्ही हे विचारालच असं मला वाटलं होतं. तुमची मेल वाचून."

मग तिनं हेही सांगितलं की येत्या सोमवारी माझं नाव 'उत्तर नाही' म्हणून बंद होऊन दुसऱ्या उमेदवाराला फोन जाणार होता. "डॉक्टर ऑसगुड मला दोनदा विचारून गेल्या. आमच्याकडे उमेदवार विचार करत असताना विभागप्रमुखानं त्याला फोन करायचा नसतो, दबाव नको म्हणून. त्या बिचाऱ्या इतके दिवस गप्प बसल्या."

म्हणजे आम्ही सगळ्याच एकमेकींचा मान राखत गप्प बसलो होतो.

पत्र त्याच संध्याकाळी आलं. मी ते दोनदा वाचलं, कारण मी तसं म्हटलं होतं, आणि मग सही केली. थोड्या वेळानं डॉक्टर ऑसगुडची एकच ओळ आली: 'आता बोलायला परवानगी आहे! या लवकर, तुमचं टेबल खिडकीजवळ ठेवलंय.' अलाबामाला मी सभ्य नकार कळवला. आभारही मानले. त्यांनी मला जागा देऊ केली होती, ही काही लहान गोष्ट नव्हती.

मी बर्नीला फोन केला.

"आलं?" तिनं हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं.

"आलं. आणि बर्नी, ते त्यांनी खरंच पाठवलेलं नव्हतं. तुझं वाक्य बरोबर होतं."

"अर्थात. पण तुझ्या वाक्यानं कोणी दुखावलं नाही. जा, बाबांना सांग. ते सकाळपासून तीनदा मला विचारून झालेत आणि तुला सांगू नको असं मला बजावलंय."

बाबांनी ऐकून घेतलं. बाळाचं ऐकल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बघ," ते म्हणाले, "अडचण काय होती ती त्यालाच माहीत होती."

नव्या कामावर मी मे महिन्यात रुजू झाले. टेबल खरंच खिडकीजवळ आहे, आणि तिथून सरोवराचा एक तुकडा दिसतो. जूनमध्ये डेव्हिन रजेवरून परतला आणि नव्या लोकांना भेटायला डुलुथला आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. आवाजावरून मला तो उंच वाटला होता. तो माझ्याहून बुटका निघाला, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन आला होता.

"लीना," तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. मग म्हणाला, "साहेबांच्या मेलमध्ये तुमचं नाव दिसलं तेव्हा वाटलं, संपलं. मग वाचली. मी ती बायकोला वाचून दाखवली. इस्पितळाच्या त्या खोलीत आमच्याबद्दल कोणी काही बरं बोललेलं आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. नुसते आकडे ऐकत होतो."

"मी फक्त खरं होतं ते लिहिलं."

"हो. तेच तर."

त्यानं फोनवर मुलीचा फोटो दाखवला. तिचं नाव वेरा. टोपीत गुंडाळलेली, एक मूठ गालाशी. मी वजन विचारलं. त्यानं अभिमानानं सांगितलं, आणि आम्ही दोघांनीही ते आकडे आनंदानं ऐकले.

निघताना मी त्याला थांबवलं आणि फ्रीजमधून कागदात बांधलेलं पुडकं आणून दिलं. बाबांनी आदल्या दिवशी धुरी दिलेला ट्राउट होता, मासा त्यांनीच पकडलेला.

"हे कशाला?" डेव्हिन म्हणाला.

"माझ्या वडिलांनी दिलाय."

"ते मला ओळखतात?"

"नाही," मी म्हणाले. "पण मुकादमाला काहीतरी नेऊन दे म्हणाले."

त्याला अर्थ कळला नाही. त्यानं विचारलंही नाही. पुडकं दोन्ही हातांत धरून तो गाडीपर्यंत गेला आणि ते शेजारच्या सीटवर ठेवून, जरा विचार करून, त्याला पट्टा लावला. मी खिडकीतून पाहत होते. नवा बाप आहे, मनात म्हटलं. आणि कामाला लागले.